पहिला फोन कुणाला?

डॅशबोर्ड दाखवायला नेला की आपण हमखास विचारतो, ‘कसा वाटला?’ आणि पुण्याहून लॅपटॉप घेऊन आलेल्या पाहुण्याला समोरचा माणूस ‘चांगलाय की’ म्हणतो आणि चहा मागवतो. त्यातून काहीच कळत नाही. म्हणून एका दूध संघासाठी केलेला कच्चा डॅशबोर्ड घेऊन गेलो, तेव्हा प्रश्न बदलला: ‘हे बघून उद्या सकाळी पहिला फोन कोणत्या केंद्राला लावाल, आणि काय बोलाल?’

माणसं पाचच होती. तीन सुपरवायझर आणि संकलन केंद्रांचे दोन सचिव. प्रत्येकाशी वेगळं बसायचं, आकडे त्यांच्याच भागातले खरे, आणि फोनही त्यांचाच. काच तडकलेली, ब्राइटनेस निम्मा, अक्षरं मोठी केलेली. मी फक्त लिहून घ्यायचं: ते काय म्हणाले आणि तेव्हा बोट कुठे होतं. समजावून सांगायचं नाही. हे फार जड जातं. समोरचा चुकीचं वाचतोय हे दिसत असतं आणि ‘अहो काका, तसं नाही’ हे ओठांवर आलेलं असतं. पण उद्या पहाटे साडेपाचला तो स्क्रीन उघडेल तेव्हा मी शेजारी नसणार.

पहिल्या काकांनी एका केंद्रापुढचा शून्य बघितला आणि म्हणाले, ‘यानं आज दूध घेतलंच नाही? याला सांगतो आता.’ प्रत्यक्षात केंद्राने दूध घेतलं होतं, फक्त तिथली रेंज गेल्यामुळे आकडे पोचले नव्हते. ‘दूध नाही’ आणि ‘माहिती नाही’ या दोन्ही गोष्टी स्क्रीनवर एकाच शून्यात बसल्या होत्या. पाचपैकी चौघांनी तो शून्य तसाच वाचला.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. संघाच्या ऑफिसने प्रत्येक केंद्रासाठी सरासरी फॅटचा एकच आकडा मागितला होता. आदल्या दिवशीपेक्षा तो ०.३ ने उतरला की चौकोन लाल. एका केंद्राचा लाल चौकोन बघून दुसरे सुपरवायझर शांतपणे म्हणाले, ‘पाणी घातलंय.’ फोनवर काय बोलणार? ‘सचिवाला विचारणार, कोण घालतंय?’

आकडे गोल करून सांगतो. काल त्या केंद्रात २०० लिटर दूध आलं: म्हशीचं १२० लिटर, फॅट ६.८ आणि गाईचं ८० लिटर, फॅट ३.८. सरासरी ५.६. आज म्हशीचं ८० आणि गाईचं १२०. फॅट तेच, ६.८ आणि ३.८. तरी सरासरी ५.०. कुणी थेंबभर पाणी घातलेलं नाही, फक्त म्हशीचं दूध कमी आलं आणि गाईचं वाढलं. पाणी घातलं असतं तर त्याच प्रकारच्या दुधाचं फॅट आणि एसएनएफ दोन्ही सोबत उतरले असते.

तिसऱ्या सुपरवायझरबाईंनी मात्र उत्तरच दिलं नाही. ‘आधी म्हशीचं किती, गाईचं किती ते दाखवा. नुसत्या फॅटवर कुणाला चोर म्हणू?’ डिझाइनच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मला हे वाक्य उपयोगी पडलं. खोटा आळ आला की गावात सचिवाचं नाव जातं, आणि गवळी दुसऱ्या डेअरीकडे वळतात.

तीन दिवसांत दोन बदल केले. एकत्र सरासरी काढून टाकली. आता गाय आणि म्हैस अशा दोन ओळी, प्रत्येकीत लिटर, फॅट, एसएनएफ. एकाच ओळीत फॅट आणि एसएनएफ दोन्ही उतरले तरच रंग, तोही लाल नाही, पिवळा. शेजारी शब्द: ‘तपासा’. ऑफिसला एकच आकडा सोडवेना. त्यांना वरचंच उदाहरण कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा मान्य झालं.

न आलेल्या आकड्यांसाठी शून्याऐवजी करडा चौकोन केला आणि नव्या तिघांना दाखवला. त्यातले दोघे म्हणाले, ‘हे केंद्र बंद केलेलं दिसतंय.’ म्हणजे दुरुस्तीचंही चुकीचं वाचन होतं. मग रंगाचा नाद सोडला आणि सरळ लिहिलं: ‘६:४० नंतर आकडे आले नाहीत’. हे कुणीच चुकीचं वाचलं नाही.

पाच-आठ माणसांकडून टक्केवारी काढता येत नाही, आणि मी काढलीही नाही. कुठे अडखळतात तेवढं कळतं. शिवाय आम्ही सगळे दुपारी, सावलीत बसलो होतो. पहाटेच्या संकलनात एका हातात कॅन आणि दुसऱ्यात फोन असतो, ते बघायचं राहिलं होतं. त्यामुळे डॅशबोर्ड आधी सहाच केंद्रांवर सुरू केला, आणि पहिल्या आठवड्यात रोज सकाळी त्या सुपरवायझरबाईंना विचारत राहिलो: आज पहिला फोन कुणाला लावलात, आणि तिथे गेल्यावर काय निघालं?