पिशव्या वितळत नाहीत, काकाजी

चिंचभुवनच्या आमच्या घरी शेजारची एक मुलगी अर्जाचा मसुदा घेऊन आली, तेव्हा मुदत संपायला दोन दिवस होते. मिहानमधल्या एका औषधांच्या गोदामात भांडार सहाय्यकाची जागा निघाली होती आणि अर्ज स्वहस्ताक्षरात, मराठीत, एका पानात मागवला होता. मी सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत पंचवीसहून अधिक वर्षं काढली आणि अर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे वाचले, म्हणून शेजारपाजारची पोरं माझ्याकडे येतात. तिचे वडील आणि मी जुने ओळखीचे. त्यांचं शिवणगावचं शेत मिहानसाठी संपादित झालं.

मसुदा तिनं कुणाच्या तरी जुन्या अर्जावरून उतरवला होता. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मी एक मेहनती, प्रामाणिक व होतकरू उमेदवार असून सदर पदाकरिता आवश्यक असलेली सर्व कौशल्ये माझ्याकडे उपलब्ध असल्याने, आपल्या नामांकित संस्थेत सेवेची संधी मिळाल्यास आपल्या विश्वासास पात्र ठरण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करीन.’ एकही चूक नव्हती. पण वरचं नाव अंगठ्याखाली झाकलं तर हा अर्ज शिपायाच्या जागेलाही चालला असता, लेखापालाच्याही. गठ्ठ्यातला असा अर्ज वाचणारा माणूस ‘प्रामाणिक’ शब्दावर थांबत नाही. तो थेट शिक्षण आणि अनुभवाच्या रकान्याकडे जातो, कारण बाकीचं त्याला पाठ असतं. तिच्या अनुभवाला मसुद्यात एकच ओळ मिळाली होती: ‘औषध क्षेत्रातील कामाचा अडीच वर्षांचा अनुभव आहे.’

मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “दवाबाजारातल्या दुकानात सकाळी गेल्यावर पहिलं काम काय करतेस?”

“फ्रिजचं टेम्परेचर पाहून वहीत लिहा लागते जी. संध्याकाळी शटर पाडायच्या आधी पुन्हा. दोन ते आठच्या मधात पाहिजे. इन्सुलिन मागच्या भिंतीला टेकलं तं गोठून जाते, मंग ते कामाचं नाही राहत.”

ती बोलत गेली, मी लिहीत गेलो. तिचे शब्द, तिच्याच क्रमानं. मे महिन्यात एकदा दुपारी दोनला इन्सुलिनचं खोकं आलं, तेव्हा आतल्या बर्फाचं पाणी झालं होतं. तिनं तो माल विक्रीच्या मालात लावला नाही. ‘विक्रीस नाही’ अशी चिठ्ठी लावून फ्रिजमध्ये वेगळा ठेवला. शेठजी ओरडले. तिनं त्यांना पुरवठादाराला फोन करायला लावला आणि माल परत गेला. मी म्हटलं, “हे मसुद्यात का नाही?” ती म्हणाली, “हे तं रोजचं आहे काकाजी. अर्जात असं लिहितात का?”

त्या रात्री मी दुसरा मसुदा केला आणि तो चुकला. तिची गोष्ट मला इतकी आवडली होती की ‘विदर्भाच्या रणरणत्या उन्हात औषधांचे सत्त्व जपणे हे मी आपले कर्तव्य मानले’ असं वाक्य माझ्या हातून उतरलं. दुसऱ्या दिवशी मी तिला ते मोठ्यानं वाचायला लावलं. ‘सत्त्व जपणे’पाशी ती अडखळली, मागे गेली, पुन्हा वाचलं. मग खाली मान घालून म्हणाली, “चांगलं आहे, पण हे तुम्ही बोलून राहिले.”

तिचं खरं होतं. पहिला मसुदा कुणाचाच नव्हता, माझा मसुदा माझा होता. मुलाखतीत कुणी त्या वाक्याचा अर्थ विचारला असता तर तिला माझ्या मनातलं सांगावं लागलं असतं. तेव्हापासून मी हीच खूण धरतो: ज्याच्या नावाचा अर्ज, त्यानं तो मोठ्यानं वाचायचा. जीभ जिथे अडते तो शब्द उसना असतो.

मग आम्ही दोघं आदल्या दिवशीच्या टिपणाकडे परतलो. बोलणं जसंच्या तसं अर्जात घालायचं नव्हतं. ‘लिहा लागते’, ‘मंग’, ‘तं’ ही आमच्याकडची बोली मला प्रिय आहे, पण अर्जाचं व्याकरण प्रमाण मराठीचं हवं. ते बदल थोडेच असतात. ‘केलं’चं ‘केले’ होतं, ‘फ्रिजमधलं’चं ‘फ्रिजमधील’. प्रति, विषय, महोदय, शेवटी ‘आपली विश्वासू’ ही चौकट तशीच ठेवायची. औपचारिकपणा एवढ्यानं पुरा होतो. ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ काढल्यानं तो कमी झाला नाही. ‘सादर करण्यात येते’ तर काढायलाच हवं होतं, कारण त्यात करणारा माणूसच दिसत नाही.

तिचा आवाज बोलीत नव्हताच. मी टिपण पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की ती बहुतेक वाक्यं वेळेपासून सुरू करते: सकाळी, शटर पाडायच्या आधी, मेच्या महिन्यात. आणि वाक्य छोटं ठेवते. पहिल्या मसुद्यात ‘असून’ आणि ‘असल्याने’ यांनी चार वाक्यांची एक साखळी झाली होती. ती तोडली आणि क्रम तिचा ठेवला:

‘सकाळी कामावर आल्यावर व संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी मी फ्रिजचे तापमान वहीत नोंदवते. ते 2 ते 8 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे लागते. ज्या मालाची एक्सपायरी आधी आहे, तो मी पुढे लावते.’

‘एक्सपायरी’वर मी जरा अडलो होतो. ‘मुदतसमाप्तीचा दिनांक’ लिहावं असं जुनी सवय सांगत होती. पण गोदामात अर्ज वाचणारा माणूसही दिवसभर एक्सपायरीच म्हणत असणार. तो शब्द ठेवला.

शेठजींचं ओरडणं गाळलं. ते खरं होतं, पण नव्या मालकाच्या हाती जुन्या मालकाची तक्रार द्यायची नसते. त्या प्रसंगाच्या शेवटी मी ‘मालकांना पुरवठादाराशी बोलण्याची विनंती केली’ असं लिहिलं, तर ती म्हणाली, “विनंती नव्हती केली. सांगितलं होतं.” ‘सांगितले’ लिहिलं. त्यात उद्धटपणा नाही आणि ती कशी वागली ते नेमकं कळतं.

पहिल्या मसुद्याच्या शेवटी ‘मी प्रकल्पग्रस्त असल्याने माझा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ असं होतं. हे वाक्य तिनं स्वतःहून खोडलं आणि सांगितलं तसं मी लिहिलं: ‘आमचे शिवणगाव येथील शेत मिहान प्रकल्पासाठी संपादित झाले आहे. प्रकल्पग्रस्त दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे.’ पोटात कालवलं माझ्या. त्या शेताच्या बांधावर मी हुरडा खाल्ला आहे.

अर्ज पाऊण पानात बसला. ती माझ्या टेबलाशी बसून कोऱ्या कागदावर सावकाश उतरवू लागली. ‘मे महिन्यात दुपारी आलेल्या इन्सुलिनच्या खोक्यातील बर्फाच्या पिशव्या वितळल्या होत्या’ या माझ्या वाक्यापाशी तिचा पेन थांबला.

“पिशव्या वितळत नाहीत, काकाजी. बर्फ वितळते.”

आणि तिनं लिहिलं, ‘पिशव्यांतील बर्फाचे पाणी झाले होते.’ मला विचारलं नाही. पुढची ओळ सुरू केली.