बर्फाची गादी

एका पहाटे झाईच्या एका तांडेलाच्या होडीवर मी हौसेने गेलो होतो. जाळ्यातून वीसेक किलो सरंगे आले. मासळी हाती आली की काम संपले, अशी माझी शहरी समजूत! तांडेलाचे काम तर आताच सुरू झाले.

मासे समुद्राच्या पाण्याने धुऊन त्याने लगेच सावलीत घेतले. पेटीत तळाशी चुरलेल्या बर्फाची गादी, तीवर माशांचा एक थर, पुन्हा बर्फ. मासळी वीस किलो, तर बर्फही वीस किलो.

"एवढा बर्फ कशाला? थोडे मीठ टाका, जास्त गार होईल," मी शहाणपणा पाजळला.

"दादा, मिठाने बर्फ शून्याच्याही खाली गार होतो खरा, पण लवकर वितळतो. शिवाय मासा अर्धवट गोठतो, आणि सुटला की मांस भुसभुशीत होते. मीठ सुकवायच्या मासळीला."

मग त्याने पेटीच्या तळाचे भोक दाखवले. रक्ताचे पाणी तिथून निघून गेले पाहिजे. त्यात बुडालेला मासा आधी नासतो. बर्फाचे मोठे खडेही नकोत. ते माशाला रुततात आणि मध्ये उबदार पोकळी राहते.

बाजारात त्याने सरंग्यावर बोट दाबले. खळगा लगेच भरून आला, कल्लेही लालभडक होते. माझ्या पिशवीत मात्र हट्टाने मीठ घालून ठेवलेला एक सरंगा होता. घरी तो कढईत पडताच विरघळला!