काढा टिकतो तो निववण्यावर

शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यम खंडात काढ्याचे जे माप दिले आहे, ते एका माणसाचे आणि एका वेळेचे आहे: एक पल, म्हणजे सुमारे 48 ग्रॅम भरड, तिच्या सोळापट पाणी, आणि मंद आचेवर आटवून उरवायचा आठवा हिस्सा. असा काढा ताजाच घ्यावा अशी परंपरा आहे, आणि टिकवायचा असेल तर त्याच शास्त्राने त्याचे रूपच बदलले आहे. काढ्यात भरपूर गूळ व धायटीची फुले घालून, भांड्याचे तोंड बंद करून आंबवलेल्या अरिष्टाला आंबवणातून तयार झालेले मद्य सांभाळते, तर अवलेहाला साखरेची दाटी. घरी आठवड्यासाठी एकदम उकळून ठेवलेल्या आल्याच्या काढ्यात यांपैकी कोणतेच संरक्षण नसते, आणि त्यात चवीपुरता घातलेला गूळ तर टिकवण्याऐवजी यीस्टचे खाद्य होतो.

उकळल्याने काढा निर्जंतुक होतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. आले जमिनीत वाढते, त्यामुळे मातीतील बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे कवचात सुप्त राहणारी त्यांची रूपे, धुतल्यावरही सालीच्या खोबणीत उरू शकतात आणि वीस मिनिटांची उकळी सहन करू शकतात. काढा निवत 60 अंश सेल्सिअसच्या खाली आला की हे बीजाणू रुजू लागतात. त्यांचे स्पर्धक उकळीत मेलेले असतात आणि आल्यातून उतरलेला स्टार्च खायला असतो. मिरमिऱ्या चवीमुळे आले स्वतःच जंतुनाशक आहे असे पुष्कळांना वाटते. त्यातील तिखट द्रव्ये प्रयोगशाळेत काही जिवाणूंना रोखतात हे खरे, पण पातळ काढ्यातील त्यांच्या प्रमाणावर विसंबणे धोक्याचे आहे. शिवाय यांपैकी काही जिवाणू जे विष तयार करतात ते उष्णतेने नष्ट होत नाही, म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेला काढा सकाळी खळखळून उकळल्याने सुरक्षित होत नाही.

म्हणूनच कसोटी लागते ती विस्तव बंद केल्यानंतर. समजा, 3 लिटर पाण्यात 250 ग्रॅम ठेचलेले आले घालून, झाकण ठेवून, वीस मिनिटे मंद उकळले. झाकणाने सुगंधी तेल वाफेबरोबर कमी उडते. तुळस किंवा गवती चहा घालायचाच तर तो याच कारणासाठी शेवटच्या पाच मिनिटांत घालणे योग्य. तेच पातेले झाकून तसेच ठेवले तर मध्यभागीचा काढा कित्येक तास कोमट राहतो. त्याऐवजी तो लगेच गाळून दोन-तीन पसरट भांड्यांत ओतावा आणि ती भांडी बर्फ घातलेल्या पाण्याच्या परातीत ठेवून मधूनमधून ढवळावे. दोन तासांच्या आत तो 20 अंशांपर्यंत उतरला पाहिजे. मग उकळत्या पाण्याने धुतलेल्या काचेच्या बाटल्यांत भरून फ्रिजच्या आतल्या कप्प्यात, 4 अंशांच्या आसपास ठेवावा, कारण दारातला कप्पा प्रत्येक वेळी दार उघडले की तापतो. असा काढा तीन, फार तर चार दिवस वापरावा. लिंबू, मध, गूळ, दूध हे सारे पेल्यात घालायचे, बाटलीत नाही. आणि गरम करायचा तो पेल्यापुरताच. गरम काढा बाटलीत भरून बूच घट्ट लावून कपाटात ठेवण्याची पद्धत मात्र पूर्णपणे टाळावी, कारण हवा नसलेल्या आणि आंबटपणा कमी असलेल्या अशा द्रवात बोट्युलिझमचे जिवाणू वाढू शकतात.

खराबी ओळखताना तीन गोष्टींनी फसगत होते. बाटलीच्या तळाशी बसणारा पांढरा थर बहुधा आल्याचा स्टार्च असतो आणि हलवला की मिसळतो. दालचिनी घातली असेल, तर थंड झाल्यावर येणारा बुळबुळीतपणा तिच्या सालीतील चिकट द्रव्याचाही असू शकतो. टॅनिन असलेली द्रव्ये किंवा चहापत्ती असेल तर काढा निवल्यावर गढुळतो आणि गरम केला की पुन्हा स्वच्छ होतो. जंतूंमुळे आलेला गढूळपणा मात्र गरम करूनही जात नाही. पहिल्या दिवशी नसलेला तारदारपणा, पृष्ठभागावरची साय किंवा ठिपके, बूच काढताना येणारा फुस्स आवाज आणि आंबूस वास ही नक्की बिघडल्याची लक्षणे आहेत. मात्र यांपैकी काहीही नसणे म्हणजे काढा चांगला, असा अर्थ नाही, कारण विष तयार करणारे जिवाणू वास वा रंग न बदलताही वाढतात. तारीख लिहिलेली चिठ्ठी बाटलीवर चिकटवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

आठवडाभराचा साठा हवाच असेल, तर दुप्पट आले घालून दाट काढा करावा आणि निवताच बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा. एक-दोन खडे पेलाभर उकळत्या पाण्यात टाकले की पुरते, फक्त वितळलेला खडा पुन्हा गोठवू नये.