मतला आणि मक्ता : यादीचा तक्ता करताना

परीक्षेच्या आधी मी मुलांना गझलेच्या संज्ञांची यादी टाइप करून देतो. एकेका टिंबापुढे संज्ञा, मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि व्याख्या. वाचायला ती बरी असते, पण उजळणीला अपुरी पडते, कारण संज्ञा झाकून व्याख्या तेवढी वाचता येत नाही. म्हणून तिचा दोन रकान्यांचा तक्ता करायचा.

वर्डमध्ये यादी निवडून आधी टिंबं काढून टाका, नाहीतर ती तक्त्यातही येतात. मग Insert मधल्या Table खाली Convert Text to Table आहे. तिथे संज्ञा आणि व्याख्या कोणत्या चिन्हाने वेगळी करायची ते विचारलं जातं, आणि अडतं ते इथेच. दोन टिंबं सांगितली, तर 'शेर : दोन ओळींची स्वत:त पूर्ण कविता' ही ओळ 'स्वत'पाशी पुन्हा तुटते, कारण बरेच जण विसर्गाच्या जागी तीच दोन टिंबं टाइप करतात. आडवी रेघ सांगितली, तर 'काफिया-रदीफ'चे दोन तुकडे होतात. म्हणून दोहोंच्या मध्ये टॅब हवा. Ctrl+H दाबून ' : ' शोधा, म्हणजे दोन्ही बाजूंना मोकळी जागा असलेली टिंबं, आणि त्यांच्या जागी ^t घाला. 'स्वत:' तसाच राहतो. नंतर रकान्यांचा आकडा 2 पेक्षा जास्त दिसला, तर कुठेतरी एक टॅब जादा पडला आहे असं समजा.

तक्ता झाला की डावा रकाना कागदाने झाकून बघा. आमच्या यादीत रदीफ म्हणजे 'शेराच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा शब्द' असं होतं. मुलांनी उत्तर दिलं, काफिया! त्यांचं काय चुकलं? रदीफ नसलेल्या गझलेत काफियाच शेवटी येतो. म्हणून व्याख्या अशा केल्या:

रदीफ | काफियानंतर जसाच्या तसा पुन्हा येणारा शब्द किंवा शब्दसमूह
काफिया | रदीफच्या आधी येणारं, दर शेरात बदलणारं यमक
मतला | पहिला शेर, दोन्ही ओळींत काफिया-रदीफ
मक्ता | शेवटचा शेर, ज्यात शायर आपलं तखल्लुस घेतो

उजव्या रकान्यात त्याच ओळीतली संज्ञा परत यायला नको, नाहीतर झाकून उपयोग काय? आणि अकारविल्हे लावण्यापेक्षा गोंधळ होणाऱ्या जोड्या शेजारी ठेवा. रदीफजवळ काफिया, मतल्याजवळ मक्ता. मुलं चुकतात ती या जोड्यांत, आणि फरक दिसतो तो एकाखाली एक वाचल्यावरच.

उर्दूत तक्ता करणार असाल, तर त्याची दिशा उजवीकडून डावीकडे करून घ्या. मग संज्ञा उजवीकडे येते आणि झाकायचा रकानाही तोच.