धावणाऱ्यांचा क्रम

खो-खोचा सामना आपण पाहिला असेल, तर हुलकावणी देत पळणाऱ्या मुली आपल्या लक्षात राहिल्या असतील. गुणलेखकाच्या मेजापाशी उभी असलेली कर्णधार बहुधा राहिली नसेल. संरक्षणाचा डाव सुरू होण्यापूर्वी पळणाऱ्यांचा क्रम तिला तेथे नोंदवावा लागतो. त्या क्रमाने तिघींची एक तुकडी मैदानात उतरते आणि तिघीही बाद झाल्या की पुढची तुकडी आत जाते. नऊ मिनिटे कोणाच्या पायांवर काढायची, ते त्या नोंदीने ठरते. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना हा क्रम मी लिहीत असे, आणि पहिले नाव माझे असे.

त्या वर्षीच्या शेवटच्या सामन्यात माझा उजवा गुडघा सुजलेला होता. मला ते ठाऊक होते. इतर कोणाला मी कळू दिले नाही. सवयीने पहिले नाव माझेच लिहिले आणि मिनिटभरातच खांबापाशी वळताना बाद झाले. राहिलेल्या दोघींची लय तुटली. आम्ही हरलो. सर्वांनी मला धीर दिला, आणि तोच मला अधिक बोचला. कारण चूक गुडघ्याची नव्हती, लेखणीची होती. दुसरी कोणी सुजलेला गुडघा घेऊन आली असती, तर तिला मी पहिल्या तुकडीत घातले असते का?

तिसऱ्या वर्षाच्या आरंभी सरांना मी सांगितले, की संघात राहीन, पण कर्णधार नको. माझ्याहून वर्षाने लहान असलेल्या एका मुलीचे नाव त्यांनीच सुचवले.

आता तिला माझी वही द्यायची होती. कोणती मुलगी डावीकडे सहज वळते, कोण दमली की खांब सोडत नाही, आक्रमणात खांबालगतच्या चौकोनात कोणाला बसवावे, असे वर्षभराचे सारे त्या वहीत होते. आणि एका पानावर तिच्याविषयीही होते : ‘उतावळी. खो मिळण्याआधीच उठते. भरवसा नको.’ ते पान फाडावे, असे मला रात्रभर वाटत राहिले. शेवटी फाडले नाही; धैर्याने म्हणावे, तर तसेही नाही. पाठीमागच्या बाजूस दोन चांगल्या धावणाऱ्यांच्या नोंदी होत्या, एवढेच.

आठवड्याने तिने वही परत केली. म्हणाली, “ताई, उतरवून घेतलं सगळं. माझं पानही.” पुढे ती काही बोलली नाही, आणि मलाही बोलता आले नाही.

पहिल्या सामन्यात आमचे आक्रमण आधी होते. मी खांबाजवळच्या चौकोनात बसले होते. आक्रमण करणारीला धावताना दिशा बदलता येत नाही, मधली पट्टीही ओलांडता येत नाही. दिशा बदलायची तर खांबाला वळसा घालायचा, नाहीतर बसलेल्या सोबतिणीला खो द्यायचा. निर्णयाला क्षणभरच मिळतो. म्हणून मैदानात ओरडणारा आवाज एकच असावा लागतो. आमची गडी खांबाकडे धावत आली, तेव्हा नवी कर्णधार ओरडली, “खांब घे!” आणि त्याच क्षणी माझ्या तोंडून निघाले, “दे, खो दे!” ती गोंधळली, माझ्या चौकोनापुढे गेली आणि मागे वळून तिने मला खो दिला. पंचांची शिट्टी वाजली. फाउल झाला होता. आम्हांला उलट दिशेने जावे लागले आणि हाताशी आलेली धावणारी निसटली.

डाव संपल्यावर कर्णधार माझ्याजवळ आली. तिचा चेहरा लाल झाला होता. “ताई, तुमचं बरोबर असेल. पण मुलींनी कोणाचं ऐकायचं?” मी मान खाली घालून बुटाची नाडी बांधत राहिले. ती आधीच बांधलेली होती.

मग ती मेजापाशी गेली. क्रम लिहिताना तिने एकदा माझ्याकडे पाहिले, बहुधा गुडघ्याकडे. पहिल्या तुकडीत माझे नाव नव्हते, दुसऱ्याही नव्हते. वर्षभर जेथे उभी राहून मी इतरांची नावे लिहिली, तेथून चार पावलांवर बसून आता स्वतःच्या नावाची वाट पाहणे किती अवघड असते, हे आपणांस काय सांगावे! पहिल्या तुकडीतली मुलगी चुकीच्या बाजूला वळताना मला दिसली. ओठांवर आलेली हाक मी गिळली. ती बाद झाली. हाक दिली असती तर वाचली असती का, हे मला आजही सांगता येत नाही.

सातवे मिनिट उलटून गेले होते. दुसऱ्या तुकडीतली शेवटची मुलगी बाद झाली. तिसऱ्या तुकडीला लगेच आत जावे लागते. उशीर झाला तर न पळताच बाद ठरण्याची भीती असते. मी उठले. कर्णधाराने हात वर करून डावीकडच्या खांबाकडे खूण केली. माझ्या मते उजवीकडे जायला हवे होते.

मी डावीकडे गेले.