दवाखान्याचं नाव ठेवताना

बाळाचं नाव ठेवायला आपल्याकडे बारा दिवस मिळतात आणि नाव सुचवायचा मान आत्याचा. दवाखान्याच्या बाबतीत असा कुणाचाच मान ठरलेला नसतो, त्यामुळे सगळेच सुचवतात. माझी भाची बालरोगतज्ज्ञ आणि तिचे यजमान एम.बी.बी.एस. करून बरीच वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात बसणारे. दोघांनी मिळून भाईंदर पूर्वेला, गोल्डन नेस्टच्या अलीकडे गाळा घेतला. रंग झाला, तपासणीचं टेबल आलं, आणि पाटी रंगवणाऱ्याने विचारलं, नाव काय लिहू? तिथून पुढे तीन आठवडे आमच्या घरच्या फोनवर दुसरा विषय नव्हता.

पहिल्या यादीत इंग्रजीच जास्त होतं. केअर, हेल्थ, लाइफ, प्लस, वेल हे पाच शब्द कुठल्याही क्रमाने जोडा, नाव तयार होतं. मुश्किल अशी की ते कुठल्याही गावात, कुठल्याही रस्त्यावर बसतं. ऐकणाऱ्याला वाटतं, याच्या आणखी चाळीस शाखा असणार, आत गेलं की टोकन मिळणार आणि दर वेळी नवा डॉक्टर भेटणार. मोठ्या साखळीला असंच नाव लागतं, कारण तिथले डॉक्टर बदलत राहतात, नाव तेवढं टिकतं. इथे उलट आहे. माणसं हीच दोन, रोज तीच. नावातून एवढं कळलं तरी पुरे.

प्लसवरून आठवलं. पाटीवाल्याने न विचारताच कोपऱ्यात लाल क्रॉस काढून आणला होता. डॉक्टर म्हटलं की लाल क्रॉस, असं आपण धरून चालतो. पण पांढऱ्यावर लाल क्रॉस ही रेड क्रॉसची खूण आहे आणि 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याप्रमाणे ती खासगी दवाखान्याला परवानगीशिवाय वापरता येत नाही. जावयांनी ती पुसून घेतली.

दुसरी यादी आमच्या माणसांची. णमोकार, अरिहंत, महावीर, शांतिनाथ. भाईंदरमध्ये ही नावं किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. मेडिकलवर, सोन्याच्या दुकानावर, सोसायटीच्या फाटकावर, सगळीकडे. अशा नावावर कायद्यानेही एकट्याचा हक्क सहसा सांगता येत नाही. ‘रामायण’ हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याने नोंदवून घेण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये अमान्य केला होता, कारण तो धर्मग्रंथाचा शब्द सगळ्यांचा आहे.

पण माझं म्हणणं वेगळं होतं. दवाखान्याचं नाव पाटीवर राहत नाही, ते चिठ्ठीवर छापलं जातं. ती चिठ्ठी केमिस्टच्या काउंटरवर चुरगळते, तिच्या मागे कुणी हिशेब करतं, शेवटी ती गटाराकाठी पडते. अरिहंतांचं नाव तिथे पडलेलं पाहायचं हा अविनय मला सहन झाला नसता. आईंनाही, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे लगेच पटलं. त्या म्हणाल्या, देवाचं नाव मनात ठेवा, औषधाच्या कागदावर डॉक्टरचं ठेवा.

आणि येणारे फक्त आपलेच नसतात. मीरा रोडच्या नया नगरमधून मुस्लिम बायका लेकरं घेऊन येतील, उत्तनचे ख्रिस्ती कोळी येतील, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, सगळे येतील. आपल्या मंदिराचं नाव वाचून कुणी दारातून परत जाणार नाही कदाचित, पण हे आपल्यासाठीच आहे असंही त्यांना वाटणार नाही.

मग देवाचं नाव दवाखान्याला कधीच नको का? तसं म्हणवत नाही, कारण याच महाराष्ट्रात नवराबायको असलेल्या दोन डॉक्टरांच्या दवाखान्याला देवीचं नाव आहे आणि ते अगदी योग्य आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. तिथल्या आदिवासींना रुग्णालयाची भीती वाटायची: मोठी इमारत, पांढरे कपडे, आपल्या माणसांपासून लांब ठेवणं. दवाखाना कसा हवा, हे बंगांनी लोकांनाच विचारलं. लोकांनी सांगितलं, आमच्या घरांसारख्या झोपड्या हव्यात, नातेवाइकांना सोबत राहता आलं पाहिजे आणि आमची देवी तिथे असली पाहिजे. म्हणून त्याचं नाव माँ दंतेश्वरी दवाखाना.

ही गोष्ट मी भाचीला सांगितली, तेव्हा ती म्हणाली, मावशी, यात देवीपेक्षा ‘विचारलं’ हे महत्त्वाचं आहे. नाव डॉक्टरांच्या श्रद्धेतून आलं नाही, रोग्यांच्या भीतीवर उपाय म्हणून आलं. शिवाय हॉस्पिटल नाही, ‘दवाखाना’ म्हटलंय, हेही बघ.

तिथून आमचं गाडं रुळावर आलं. शेवटचा शब्द ‘दवाखाना’च ठेवायचा, हे आधी ठरलं. क्लिनिक म्हटलं की आजी थबकते, दवाखाना म्हटलं की चप्पल पायात सरकवते. हा शब्द मराठीला, गुजरातीला, हिंदीला, उर्दूला, सगळ्यांना ओळखीचा.

पुढचा शब्द शोधताना भाचीने एक कसोटी लावली, ती मला फार आवडली. आनंदी, हसरी, खिलखिल अशी नावं लहान मुलांच्या डॉक्टरला शोभतात असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. ती म्हणाली, या नावाच्या कागदावर मला कधीतरी एखाद्या आईला वाईट बातमी लिहून द्यावी लागेल. वर ‘खिलखिल’ आणि खाली रक्ताचा तसला रिपोर्ट, हे मला चालणार नाही. यादीतली अर्धी नावं एका झटक्यात गेली.

उरलेल्यांत एक होतं ‘ओसरी’. ते जावयांच्या वडिलांनी सुचवलं, सांगलीकडच्या त्यांच्या जुन्या घराला मोठी ओसरी होती. आल्यागेल्याने आधी तिथे टेकायचं, पाणी प्यायचं, मग आत यायचं. गुजरातीतही ओसरीला ओसरीच म्हणतात आणि हिंदीवाल्यांना ओसारा माहीत असतो, त्यामुळे अर्थ समजावत बसायला नको. आणि मराठीत ताप ओसरतो, साथ ओसरते! हे लक्षात आल्यावर भाचीने टाळीच वाजवली. यावर तिचे दीर म्हणाले, गर्दीसुद्धा ओसरते, आधी येऊ तर दे. ओसरी दिली की पाय पसरणाऱ्यांची म्हणही कुणीतरी काढलीच.

मग सरळ विचारून पाहिलं. सोसायटीचा वॉचमन, भाजीवाली, स्टेशनबाहेरचे दोन रिक्षावाले, खालचा केमिस्ट. नाव एकदा फोनवर सांगायचं, अर्ध्या तासाने परत विचारायचं, काय नाव सांगितलं होतं? ओसरी बहुतेकांच्या लक्षात राहिली. एका रिक्षावाल्याने ‘ओसारी’ केलं, ते चालण्यासारखं होतं. तेच इंग्रजी जोडनाव सांगितलं तर दोघांनी वेगळ्याच एका हॉस्पिटलचं नाव परत दिलं. चुकीच्या दारात उतरवलेला पेशंट म्हणजे काय, ते तापाचं मूल कडेवर घेऊन फिरलेल्या आईला विचारा.

इंग्रजी स्पेलिंगवर एक संध्याकाळ गेली. नकाशात शोधणारा Osri टाकेल की Osari? जावयांनी Osari धरलं, कारण केमिस्टच्या मुलाने विचार न करता तेच टाइप केलं होतं. तेच स्पेलिंग पाटीवर, चिठ्ठीवर आणि नकाशावर. नकाशावर नावापुढे ‘बेस्ट चाइल्ड डॉक्टर’ वगैरे जोडायचा सल्ला एकाने दिला, तो त्यांनी घेतला नाही. पाटीवर जे नाव तेच तिथे असावं, असा तिथलाही नियम आहे.

खरा पेच नावाखालच्या दोन ओळींचा होता. डॉक्टरांच्या आचारसंहितेत, 2002 च्या, पाटी अवाढव्य नको आणि तिच्यावर डॉक्टरचं नाव, पदव्या, विशेष विषय, नोंदणी क्रमांक आणि परिषदेचं नाव एवढंच हवं असं म्हटलंय. चिठ्ठीलाही तेच लागू. म्हणजे ‘मायेने उपचार’ वगैरे ओळ पाटीवर लिहायचीच नाही. त्यात दवाखान्याच्या नावाबद्दल काही म्हटलेलं नाही, नावं सगळेच लावतात. पण नावातच जाहिरात घुसवली तर ती या नियमाच्या विरुद्धच जाते असं मला वाटतं.

आता पदव्या, क्रमांक ठीक. पण कुणाचं नाव वर? आणि कुठलं आडनाव? भाचीची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमधली नोंदणी माहेरच्या नावाने आहे. सासरी एकदोघांचं म्हणणं पडलं की पाटीवर एकच आडनाव असलं की घरचा दवाखाना वाटतो, लोकांना जवळचं वाटतं. ऐकायला बरोबर वाटतं ना? पण नोंदीत एक नाव आणि पाटीवर दुसरं, असं डॉक्टरने करू नये. पेशंटला उद्या क्रमांक तपासायचा असेल तर तिथे वेगळीच बाई निघायची. आडनाव बदलायचं तर आधी कौन्सिलकडे रीतसर बदलून घ्यावं लागतं.

भाची त्या दिवशी फार शांत होती. एवढंच म्हणाली, एम.डी.ची तीन वर्षं मी ज्या नावाने रात्रपाळ्या केल्या, ते नाव दारावरून काढून दवाखाना मायेचा कसा होईल? सासूबाईंनी, तिच्या सासूबाईंनी, विषय तिथेच मिटवला. म्हणाल्या, लेकरं हिच्याकडे येणार आहेत, हिचं नाव वर लिहा, आणि जसं आहे तसंच लिहा.

पाटीवर ‘ओसरी दवाखाना’ मराठीत सगळ्यांत वर आणि मोठं आहे. तसा राज्याचा नियमही आहे: मराठी देवनागरीत आधी आणि इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या लहान जागांनाही तो लागू झाला. त्याखाली इंग्रजी, मग दोघांची पूर्ण नावं, एकाच मापाच्या अक्षरांत. गुजरातीत लिहावं का, हा प्रश्न निघाला होता, पण पाटी अवाढव्य करायची नव्हती, म्हणून ते आत बाकाच्या वर एका कागदावर लिहिलंय.

आपल्या शास्त्रात निक्षेप सांगितलेत: नाम, स्थापना, द्रव्य, भाव. गुण नसताना व्यवहारापुरतं ठेवलेलं नाव तो नामनिक्षेप. गुराख्याच्या पोराचं नाव इंद्र ठेवलं म्हणून तो स्वर्गाचा राजा होत नाही. ओसरी आज नामनिक्षेपच आहे. जावयांनी मात्र एक केलंय. गाळ्याचा पुढचा सहा फुटांचा भाग त्यांनी केबिनला न देता मोकळा ठेवला, तिथे दोन लाकडी बाकं आणि पाण्याचा माठ आहे. माठातलं पाणी गाळून भरायचं काम सध्या आईंनी स्वतःकडे घेतलंय. रोज सकाळी साडेआठला त्या गाळणं घेऊन हजर असतात, आणि आलेल्या प्रत्येक पेशंटला आधी विचारतात, कुठून आलात?