एक लिटर कशाचं?

भाचीने क्लासमधल्या सराव चाचणीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पहिल्या भांड्यात दूध आणि पाणी ४:३, दुसऱ्यात २:३. दोन्हींतलं मिश्रण कोणत्या प्रमाणात घेतलं, तर नव्या भांड्यात दूध-पाणी निम्मं-निम्मं होईल? फोटोत कागदाची घडी नेमकी दुसऱ्या प्रमाणावर आली होती. त्यातला दुसरा आकडा ३ आहे की ८, हे कळेना. तसाच अंदाज न बांधता मी आधी फोन करून आकडा विचारून घेतला.

"३ च आहे मामा. पण माझं उत्तर १:१ येतंय. पर्यायांत तेही आहे."

तिने क्रॉस मांडला होता तो असा: डावीकडे ४/३, उजवीकडे २/३, मध्ये १. तिरके फरक काढले की दोन्हीकडे १/३ येतात, म्हणून १:१.

मी तिला म्हटलं, "आधी ताळा करून बघ. दोन्हींतलं ३५-३५ लिटर घे." पहिल्यातून २० लिटर दूध, दुसऱ्यातून १४, एकूण ३४. पाणी १५ आणि २१, म्हणजे ३६. निम्मं-निम्मं झालं नाही.

मग एकूण मिश्रणातला दुधाचा वाटा धरून आम्ही पुन्हा मांडणी केली. पहिल्यात ४/७, दुसऱ्यात २/५, हवा तो १/२. क्रॉसमध्ये पहिल्या भांड्याखाली दुसऱ्याचा फरक येतो: १/२ वजा २/५, म्हणजे १/१०. दुसऱ्याखाली ४/७ वजा १/२, म्हणजे १/१४. १/१० ला १/१४ हे प्रमाण, दोन्हींना ७० ने गुणलं की ७:५.

पुन्हा ताळा केला. पहिल्यातल्या ७ लिटरमध्ये ४ दूध, ३ पाणी. दुसऱ्यातल्या ५ लिटरमध्ये २ दूध, ३ पाणी. एकूण दूध ६, पाणी ६. जमलं.

"मग माझं १:१ आलं कुठून?" तिने विचारलं. या प्रश्नाचं मला फार समाधान वाटलं. तिचं ४/३ म्हणजे दर एक लिटर पाण्यामागे असलेलं दूध. त्यामुळे क्रॉसने तिला दोन्हींतल्या पाण्याचं प्रमाण दिलं, मिश्रणाचं नाही. आणि पाणी खरोखरच ३ ला ३ आहे. क्रॉसचं उत्तर नेहमी अपूर्णांकाच्या छेदात जे असतं, त्याचंच प्रमाण असतं. म्हणून मिश्रणाचं प्रमाण हवं तर छेदात एकूण मिश्रण असायला हवं.

५:७ असा उलटा पर्यायही तिथे होता. तो ताळ्याआधीच बाद होतो: हवा तो १/२ हा २/५ पेक्षा ४/७ ला जवळ आहे, तेव्हा पहिल्या भांड्यातलं मिश्रणच जास्त लागणार. भाचीने पुढचं गणित सोडवलं, तेव्हा छेद काय धरलाय ते तिने आधी लिहिलं.